युरो-डॉलरला एक पिप, लिराला चारशे: एक्झॉटिक पेअर इतके महाग का पडतात

फॉरेक्सचं कुठलंही ॲप उघडलं की साठ-सत्तर पेअरची यादी समोर येते. वरती EUR/USD, स्प्रेड एक किंवा त्याहूनही कमी. खाली सरकत जा, कुठेतरी USD/TRY म्हणजे अमेरिकन डॉलर आणि तुर्कस्तानचा लिरा दिसतो आणि स्प्रेडच्या खान्यात चारशे, कधी सहाशे, कधी त्याच्याही वर. नवीन माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली, ब्रोकर लुटतोय. थोडंफार लुटत असेलही, त्याकडे येऊच, पण मोठा भाग ब्रोकरच्या हातात नसतो. तो कुठून येतो हे लिराच्या उदाहरणावरून नीट दिसतं, कारण गेल्या सात-आठ वर्षांत या चलनाचं जे जे होऊ शकत होतं ते सगळं होऊन गेलंय.

आधी स्प्रेड म्हणजे काय

चलन कधी एकटं विकत घेता येत नाही, एक देऊन दुसरं घ्यायचं असतं, म्हणून पेअर. प्रत्येक पेअरला एका वेळी दोन भाव असतात. ज्या भावाला तुम्ही विकू शकता तो बिड, ज्या भावाला घेऊ शकता तो आस्क, आणि आस्क नेहमी वर. मधला फरक म्हणजे स्प्रेड. घेतलं आणि त्याच सेकंदाला विकलं तर जेवढे पैसे जातात तेवढा स्प्रेड, इतकं साधं आहे. पिप म्हणजे भावातला ठरलेला छोटा टप्पा, बहुतेक पेअरमध्ये दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा.

आणि लिक्विडिटी म्हणजे, भाव फारसा न हलवता किती माल लगेच घेता किंवा विकता येतो ते.

मेजर, मायनर, एक्झॉटिक हे ठरवतं कोण

खरं सांगायचं तर कोणीच नाही. कुठलाही कायदा नाही, कुठली जागतिक संस्था यादी काढत नाही, बाजारातली सवय आहे. मेजर म्हणजे ज्यात एका बाजूला डॉलर आणि दुसऱ्या बाजूला युरो, येन, पौंड, स्विस फ्रँक, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन नाहीतर न्यूझीलंड डॉलर, असे सात. मायनर म्हणजे याच मोठ्या चलनांचे आपापसातले पेअर ज्यात अमेरिकन डॉलर नाही, जसं युरो-पौंड, युरो-येन, पौंड-येन. नाव मायनर असलं तरी त्यात बारीकसारीक काही नाही, युरो-पौंडमध्ये रोज प्रचंड उलाढाल होते. उरलेलं सगळं एक्झॉटिक, म्हणजे एका बाजूला मोठं चलन आणि दुसऱ्या बाजूला लिरा, दक्षिण आफ्रिकेचा रँड, मेक्सिकन पेसो, थाई बाथ वगैरे.

ही वाटणी नुसत्या उलाढालीवर केलीय असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथे गडबड होते. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, जिला सगळे बीआयएस म्हणतात, दर तीन वर्षांनी जगभरच्या चलन उलाढालीचा हिशोब काढते. २०२२ च्या हिशोबात न्यूझीलंड डॉलरचा वाटा १.७ टक्के होता आणि आपल्या रुपयाचा १.६, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. (प्रत्येक व्यवहारात दोन चलनं असल्यामुळे हे वाटे मिळून २०० टक्के होतात, ते लक्षात ठेवा.) चीनच्या युआनचा वाटा तर ७ टक्के होता, स्विस फ्रँकपेक्षा जास्त. तरी न्यूझीलंड मेजरमध्ये आणि युआन-रुपया बाहेर. कारण न्यूझीलंड डॉलर जगात कुठेही, कुठल्याही वेळी, कोणाच्याही परवानगीशिवाय घेता-विकता येतो, उधार घेता येतो, देता येतो. रुपया आणि युआन तसे मोकळे नाहीत. लिरा कागदावर मोकळा आहे, पण सरकारने मनात आणलं की त्याच्या वाटा बंद होतात, हे पुढे बघू.

चारशे पिप म्हणजे नक्की किती पैसे

इथे एक गोंधळ आधी मोडून काढतो. एक पिप आणि चारशे पिप यांची थेट तुलना करायची नसते, कारण युरोचा भाव एक डॉलरच्या आसपास आणि डॉलरचा भाव २०२४ मध्ये तीसेक लिरा होता, त्यामुळे तिथे एक पिप हा किमतीचा फारच छोटा तुकडा आहे. तुलना टक्क्यात करायची.

एप्रिल २०२४ च्या आसपासचे भाव उदाहरण म्हणून धरू. युरो-डॉलर १.०७०० / १.०७०१. एक लाख युरो घेऊन लगेच विकले तर १० डॉलर गेले, म्हणजे साधारण ०.००९ टक्के. आता डॉलर-लिरा ३२.३० / ३२.३४. एक लाख डॉलर घेऊन लगेच विकले तर ४,००० लिरा गेले, म्हणजे १२४ डॉलरच्या आसपास, ०.१२ टक्के. म्हणजे लिराचा व्यवहार चारशेपट नाही तर साधारण तेरापट महाग. तेरापटही कमी नाही, पण "चारशे पिप" ऐकून जो धक्का बसतो त्यातला बराचसा आकड्याचा खेळ आहे.

पण तेरापट तरी का

तुम्हाला भाव देणारी बँक, ब्रोकरच्या मागे शेवटी कुठली तरी बँकच असते, ती जुन्या गाड्यांच्या डीलरसारखी असते. जुनी ॲक्टिव्हा आली तर डीलर दोन-तीन हजारांवर खुश असतो, कारण त्याला माहिती असतं की शनिवारपर्यंत कोणी ना कोणी घेऊन जाणार. तेच कोणी एखादी परदेशी बाईक आणून ठेवली, जिचे पार्टही इथे मिळत नाहीत, तर तो भाव पाडूनच मागतो. गिऱ्हाईक महिन्याने येईल की सहा महिन्यांनी त्याला माहीत नाही, तोवर पैसे अडकले आणि गाडीची किंमत उतरत राहिली. बरं, विकणाऱ्याला गाडीत काय बिघाड आहे ते माहितीय आणि डीलरला नाही, ही भीती वेगळीच.

बँकेचं हेच होतं, फक्त महिन्यांच्या जागी सेकंद आणि मिनिटं. तुम्ही तिला युरो विकले तर समोर तेच युरो घ्यायला शेकडो जण उभे असतात, डोळ्याची पापणी लवेपर्यंत माल पुढे गेला. तुम्ही डॉलर घेऊन तिच्या गळ्यात लिरा टाकले तर ते लिरा घेणारा शोधायला वेळ लागतो, आणि लिरा एका दिवसात जेवढा हलतो तेवढा युरो कधीकधी महिनाभरात हलत नाही. त्या वेळेत भाव उलटा गेला तर नुकसान बँकेचं. म्हणून ती आधीच रुंद भाव लावते.

तिसरी भीती, म्हणजे समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असण्याची, ती लिरात फार खरी आहे. २०१९-२० मध्ये तुर्कस्तानच्या सरकारी बँकांमार्फत लिरा टिकवायला डॉलर विकले जात होते. किती, कधी, कुठल्या भावाला थांबणार, याची हवा इस्तंबूलमध्ये बसलेल्याला लंडनमध्ये बसलेल्यापेक्षा आधी लागणार हे उघड आहे. मग लंडनचा डीलर काय करेल, ज्याच्याशी व्यवहार करतोय तो जास्त जाणतो असं धरूनच भाव लावेल.

मार्च २०१९: वाटच बंद झाली तेव्हा

लिक्विडिटी पातळ असणं एक आणि सरकारने ती एका आठवड्यात आटवणं दुसरं. हे प्रकरण जरा सावकाश सांगतो कारण यात एक्झॉटिकचं सगळं सार आहे.

परदेशातल्या कोणाला लिरा पडेल असं वाटत असेल तर त्याला आधी लिरा उसने घ्यावे लागतात, ते विकून डॉलर घ्यायचे, पुढे लिरा स्वस्त झाला की परत घेऊन उसने फेडायचे. हे उसने घेणं ज्या व्यवहाराने होतं त्याला स्वॅप म्हणतात, आज डॉलर देऊन लिरा घ्या, ठरल्या दिवशी उलटं करा, मधल्या दिवसांचं व्याज द्या. हे स्वॅप बऱ्याचदा एका रात्रीचे असतात, रोज नवे करायचे. आणि लिरा शेवटी देणार कोण, तर तुर्कस्तानच्या बँका, कारण लिरा तयार होतो तिथेच.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिरा कोसळला तेव्हाच तिथल्या बँकिंग नियामकाने, परदेशी लोकांशी असे स्वॅप किती करायचे यावर मर्यादा घातली होती, आधी बँकेच्या भांडवलाच्या ५० टक्के, मग लगेच २५. मार्च २०१९ च्या शेवटी स्थानिक निवडणुका होत्या, ३१ तारखेला मतदान, आणि त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी २२ मार्चला, लिरा एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरला. पुढच्या आठवड्यात तुर्की बँकांनी लंडनला लिरा देणं जवळजवळ थांबवलं. एका रात्रीसाठी लिरा उसना घ्यायचा दर, जो आधी विशीत होता, तो २७ मार्चला वार्षिक हिशोबाने १,००० टक्क्यांच्या वर गेला.

ज्यांनी लिरा विकून ठेवले होते ते अडकले. उधारी पुढे ढकलायला लिरा मिळेना, मग काहीही भावाला लिरा परत घ्या, नाहीतर तुर्कस्तानातले आपले रोखे आणि शेअर विकून लिरा उभे करा. गंमत म्हणजे काहींना लिरा पडेल असं वाटत नव्हतंच, तिथल्या रोख्यांत पैसे होते आणि विमा म्हणून लिरा विकला होता, तेही यात भरडले गेले. दोन-तीन दिवस लिरा सावरला, निवडणूक झाली, पण परदेशी डीलरच्या डोक्यात कायमचं बसलं की इथून बाहेर पडायचं दार कधीही बंद होऊ शकतं. पुढे २०२० मध्ये ती स्वॅपची मर्यादा १० टक्के आणि मग १ टक्क्यावर आणली गेली, लंडनमधला लिरा बाजार आणखी रोडावला. आज तुम्ही ॲपवर जो रुंद स्प्रेड बघता त्यात या सगळ्याची भीती मोजलेली आहे.

"पण रोज ३,००० कोटी डॉलरची उलाढाल म्हणजे कमी का?"

हा प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या बीआयएस हिशोबात जगात रोज साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होती आणि लिराचा वाटा ०.४ टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ३,००० कोटी डॉलर. एकट्या युरो-डॉलर पेअरची उलाढाल १.७ लाख कोटी होती, म्हणजे पन्नासपटीहून जास्त, पण ३,००० कोटीही काही फुटकळ रक्कम नाही.

फक्त यातलं किती तुमच्या कामाचं ते बघा. जगातल्या एकूण चलन उलाढालीत निम्म्याहून जास्त भाग स्वॅपचा असतो, म्हणजे वर सांगितलं तसं उसनवारीचं. ज्याला आपण सरळ घेणं-विकणं म्हणतो तो भाग तीस टक्क्यांच्याही आत. लिराचा तो उरलेला भागही दिवसभर सारखा पसरलेला नसतो. इस्तंबूल आणि लंडन चालू असताना बराचसा होतो, न्यूयॉर्क बंद झालं की दुकानात कोणीच नाही.

पहाटेचा लिरा

२६ ऑगस्ट २०१९, सोमवार. टोकियोत सकाळ झाली होती, इस्तंबूलमध्ये अजून रात्र. जपानमध्ये व्याज जवळजवळ शून्य, म्हणून तिथले सामान्य गुंतवणूकदार येन देऊन लिरा घेऊन ठेवायचे, लिराचं मोठं व्याज खायला, तेही उधारीवर. आठवड्याच्या सुरुवातीला भाव थोडा घसरला, काहींचे स्टॉप लॉस लागले, म्हणजे लिरा आपोआप विकला गेला, घ्यायला समोर कोणी नाही म्हणून भाव आणखी खाली, त्याने पुढच्यांचे स्टॉप लागले. डॉलर-लिरा ५.८ च्या आसपास होता तो ६.४७ पर्यंत गेला आणि थोड्या वेळात पुन्हा ५.८ च्या जवळ आला. सकाळी इस्तंबूलवाल्यांना चार्टवर एक लांबलचक काडी दिसली, बाकी काही नाही. ज्यांचे स्टॉप त्या काडीत लागले त्यांचे पैसे मात्र गेले.

स्टॉप लॉसबद्दल लोकांचा समज असतो की ५.९० ला लावला तर ५.९० ला सुटका. तसं नसतं, ५.९० ला फक्त ऑर्डर जागी होते आणि पुढे जो भाव मिळेल त्याला भरली जाते. युरो-डॉलरमध्ये एरवी पुढचा भाव तिथेच चिकटून असतो. लिरात पुढचा भाव ६.१० असू शकतो.

दुसरी एक भानगड फार जणांना कळत नाही आणि ते ब्रोकरला शिव्या घालत बसतात. बहुतेक ॲपवर चार्ट फक्त बिड भावाचा असतो. तुम्ही डॉलर-लिरा विकून बसला असाल तर बाहेर पडताना तुम्हाला घ्यायचं असतं, म्हणजे आस्क भाव लागतो. रात्री स्प्रेड चारशेवरून चार हजार झाला तर बिड जागचा हलत नाही, आस्क वर जातो आणि तुमचा स्टॉप लागतो. चार्टवर बघाल तर भाव तुमच्या स्टॉपपर्यंत पोचलेलाच नाही! सेटिंगमध्ये आस्कची रेघ चालू करायचा पर्याय असतो, ती चालू करून एखादी रात्र बघा, स्प्रेड कसा श्वास घेतो ते दिसेल.

मग ब्रोकर लुटत नाही म्हणता?

लुटू शकतो. बँकेकडून त्याला ३२.३० / ३२.३३ मिळत असेल आणि तो तुम्हाला ३२.२९ / ३२.३५ दाखवत असेल तर मधलं त्याचं. युरो-डॉलरमध्ये असं केलं तर लगेच उघडं पडतं, सगळे तुलना करतात, एक्झॉटिकमध्ये कोण बघतंय. "झिरो कमिशन" लिहिलेलं असतं तिथे तर हमखास स्प्रेडमध्येच घातलेलं असतं. ओळखायचं असेल तर एकाच मिनिटाला दोन-तीन ठिकाणचे भाव शेजारी ठेवा, आणि ते इस्तंबूलच्या कामाच्या वेळेत ठेवा, रात्री सगळ्यांचेच रुंद असतात.

आणि ते ५० टक्के व्याज?

मार्च २०२४ पासून वर्षअखेरपर्यंत तुर्कस्तानचा व्याजदर ५० टक्के होता. डॉलरवर साधारण सव्वापाच. म्हणजे जो लिरा विकून डॉलर धरून बसला त्याला वर्षाला ४५ टक्क्यांच्या आसपास फरक द्यावा लागत होता, एक लाख डॉलरवर दिवसाला साधारण १२३ डॉलर. वरच्या उदाहरणातला अख्खा स्प्रेड एवढाच होता, म्हणजे तो स्प्रेड रोज नव्याने भरल्यासारखं. "लिरा पडतोच, डॉलर घेऊन बसू" असं म्हणणारे इथेच मरतात. २०२४ मध्ये डॉलर साधारण २० टक्के वाढला, यांनी भाडं त्याच्या दुप्पट भरलं.

उलट्या बाजूला बसलेल्यांना त्या वर्षी खरंच चांगले पैसे मिळाले, हे मान्य करायला हवं. पण १९ मार्च २०२५ ला इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू यांना ताब्यात घेतलं आणि डॉलर काही तासांत साधारण ३६.७ वरून ४१ च्या पुढे गेला, मग मध्यवर्ती बँकेने डॉलर विकून तो ३८ च्या आसपास आणला. दहापट उधारीवर बसलेला माणूस ३८ बघायला शिल्लक नव्हता.

मेजर-मायनरमध्ये असं होत नाही असंही नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न द्यायचं धोरण अचानक सोडलं तेव्हा ते पेअर मिनिटांत १ च्याही खाली गेलं आणि अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी त्यात बुडाली. तिथेही कारण तेच, घेणारे एकाच क्षणी गायब. फरक इतकाच की तिथे ते पिढीत एखाद वेळा होतं.

आपला रुपया यात कुठे

लंडनच्या डीलरसाठी रुपया एक्झॉटिकच. पण आपल्याकडे दिवसा डॉलर-रुपयाचा स्प्रेड बारीक असतो, एक्स्चेंजवर भावाचा टप्पाच पाव पैशाचा आहे. आयात-निर्यातवाले, बँका आणि वरून लक्ष ठेवणारी रिझर्व्ह बँक, सगळे एकाच वेळी हजर असतात, शिवाय रिझर्व्ह बँक फार उसळू देत नाही म्हणून डीलरला भीती कमी. संध्याकाळी इथला बाजार बंद झाला की सिंगापूर-लंडनमध्ये रुपयाचे असे सौदे चालतात ज्यात रुपया हातात येतच नाही, फरक डॉलरमध्ये चुकता होतो, आणि तिथे एखादी मोठी बातमी आली की स्प्रेड लगेच रुंदावतो.

रुपया आणि लिरा यांचा थेट बाजार जवळजवळ नाहीच. रुपयाचे डॉलर, डॉलरचे लिरा, असे दोन टप्पे आणि दोन्हीकडचा स्प्रेड तुमचा. इस्तंबूलला फिरायला जाणाऱ्याला पुण्या-मुंबईत मनी चेंजर लिरासाठी जो भाव सांगतो तो म्हणून इतका वाईट असतो, वर नोटा सांभाळून ठेवायचा त्याचा खर्च. डॉलर नाहीतर युरो नेऊन तिथे बदललेले बरे पडतात.

ॲपवर USD/TRY ट्रेड करायचं असेल तर भारतात राहणाऱ्याला ते कायदेशीरपणे करता येत नाही हेही सांगून टाकतो. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर रुपयाचे डॉलर, युरो, पौंड, येन यांच्याशी चार पेअर आणि युरो-डॉलर, पौंड-डॉलर, डॉलर-येन हे तीन, एवढंच आहे, आणि मे २०२४ पासून रुपयाच्या पेअरमध्ये तुमचं खरं परकीय चलनातलं देणं-घेणं असावं लागतं. बाहेरच्या ॲपपैकी कितीतरी नावं रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये आहेत, ती तिच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ मात्र काढू नका, तसं रिझर्व्ह बँकेनेच तिथे लिहून ठेवलंय.